K₈ अपडेट: सरळ रेघांत १९ च, पण डब्यावर १८ मिळाले!

K₈ म्हणजे आठ बिंदू आणि प्रत्येक जोडीला जोडणारी एक रेघ, आणि खेळ असा की रेघा एकमेकींना कमीत कमी ठिकाणी छेदायला हव्यात. मागच्या अपडेटमध्ये K₈ सरळ रेघांच्या चित्रात १९ क्रॉसिंगवर अडकला होता, आणि तो तिथून हललाच नाही. एखादा बिंदू थोडा ढकलला की २०, जास्त ढकलला की २२, परत जागेवर आणला की १९. सरळ रेघांत कमीत कमी १९ हे सिद्ध झालेलं आहे हे माहीत होतं, पण १८ का जमत नाही ते हाताला कळायला हवं होतं, म्हणून एवढी झटापट.

आता हे ढकलणं नेमकं काय करतं ते सापडलंय. सरळ रेघांत कुठल्याही चार बिंदूंचा चौकोन बहिर्वक्र असेल तर त्यात एक क्रॉसिंग, एक बिंदू बाकी तिघांच्या त्रिकोणात असेल तर शून्य. म्हणजे K₈ मध्ये ७० चौकड्या आणि त्यातल्या बहिर्वक्र किती एवढंच मोजायचं. आता p हा बिंदू ab रेघेवरून पलीकडे नेला तर फक्त p, a, b आणि उरलेल्या पाचांपैकी एक अशाच चौकड्या बदलतात, आणि त्या पाचही बदलतातच! p ज्या बाजूला गेला तिकडचे बिंदू एकेक क्रॉसिंग कमी करतात, ज्या बाजूने निघाला तिकडचे एकेक वाढवतात. पाचाचे दोन भाग म्हणजे फरक नेहमी १, ३ किंवा ५. म्हणून १९ वरून एका उडीत २०, २२ नाहीतर २४ च दिसणार.

हाच हिशोब K₇ ला लावा, तिथे उरलेले बिंदू चार, म्हणजे फरक कायम सम. सप्तकोनात ३५ क्रॉसिंग, विषम, म्हणून सरळ रेघांच्या कुठल्याही K₇ चित्रात संख्या विषमच येणार. मला हे फार आवडलं, कारण यातून मोजणी तपासायचं एक झकास साधन मिळतं. K₇ ची कमीत कमी संख्या ९. समजा K₈ च्या चित्रात १९ क्रॉसिंग आहेत आणि एखाद्या बिंदूच्या रेघांवर त्यातली r पडतात. तो बिंदू पुसला की १९ वजा r उरतात, ते ९ पेक्षा कमी नाहीत आणि विषम, म्हणजे r सम आणि जास्तीत जास्त १०. प्रत्येक क्रॉसिंग चार बिंदूंच्या नावावर मोजलं जातं म्हणून सगळ्या r ची बेरीज ७६. मग एकतर सहा बिंदूंना १० आणि दोघांना ८, नाहीतर सातांना १० आणि एकाला ६. r च्या तक्त्यात कुठे विषम आकडा दिसला की मोजणी चुकलीय, परत मोजा. आणि १८ च्या चित्रात बेरीज ७२ आणि कोणालाच ९ च्या वर जाता येत नाही, म्हणून आठही बिंदूंना बरोबर ९-९. इतकी सारखी वाटणी सरळ रेघांना जमत नाही.

(जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू ओढायला मजा येते, पण तीन बिंदू जवळजवळ एका रेषेत आले की डोळ्याला काही कळत नाही. त्यापेक्षा आलेख कागद आणि पूर्णांकातले को-ऑर्डिनेट्स बरे, शंकाच उरत नाही.)

सारखी वाटणी म्हटल्यावर हिलचं चित्र आठवलं. अँथनी हिल हा मुळात ब्रिटिश चित्रकार, रेघा वाकड्या चालत असतील तर कमीत कमी किती क्रॉसिंग लागतात ते सांगणारं त्याचं सूत्र १२ बिंदूंपर्यंत सिद्ध झालंय, K₁₁ आणि K₁₂ तर २००७ मध्ये. मी ते चित्र सरळ एका गोल डब्यावरच केलं. झाकणाच्या कडेवर चार बिंदू, बुडाच्या कडेवर चार. झाकणावरच्या चौघांना झाकणावरच जोडायचं, एक क्रॉसिंग. बुडावर तसंच, एक. उरल्या १६ रेघा बाजूच्या भिंतीवर, त्यासाठी कागदाची पट्टी उलगडून त्यावर आधी काढायच्या: खालच्या प्रत्येक बिंदूपासून बरोबर वरच्या बिंदूला, मग एक घर उजवीकडे, दोन घरं, तीन घरं. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या हव्यात, जवळ पडतं म्हणून एखादी डावीकडून वळवायची नाही. शेजारच्या बिंदूच्या रेघांशी ३ क्रॉसिंग, त्याच्या पुढच्याशी १, म्हणजे प्रत्येकी ४, एकूण १६. पट्टी गुंडाळली आणि बेरीज १८!! प्रत्येक बिंदूला ९ पण जुळले. स्टीलवर मार्कर पुसला जातो, तिथेही कागदच चिकटवा.

पुढे सरळ रेघांचा K₉ करणार होतो, तिथे सरळ आणि वाकड्या दोन्ही रेघांत ३६ च असल्यामुळे भांडणच नाही. पण हे लिहिताना सुचलं की K₁₀ ला डबा जास्त मजेचा, सरळ रेघांत ६२ आणि वाकड्यांत ६०. वर पाच, खाली पाच, झाकण आणि बूड प्रत्येकी ५, आणि भिंतीवर एका बिंदूमागे ६, ३, १ मिळून १०, म्हणजे ५०. K₅,₅, म्हणजे पाच-पाच बिंदूंचे दोन गट आणि रेघा फक्त एका गटातून दुसऱ्यात, ते नंतर बघू, गणितज्ञ झारँकिएविचचं त्याचं १६ क्रॉसिंगचं चित्र तसंही दोन अक्षांवर सरळ रेघांत बसतं. आधी रुंद डबा शोधतो, पाच बिंदूंची पट्टी सध्याच्या डब्यावर फार दाट होते.