१.२४ चे १.२३

"ताई, तुमचे सबस्क्रायबर कमी झाले वाटतं? काही चुकलं का व्हिडिओत?"

क्लासच्या मुली विचारतात, नणंद विचारते, परवा तर पिको-फॉलवाल्या काकूंनीही विचारलं. आवाज असा काढतात, जणू घरात कुणी आजारी आहे. प्रत्येकीला जिन्यात उभं राहून सांगणं मला जमत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तुम्हाला माझ्या शिवणाच्या यूट्यूब चॅनलवर सबस्क्रायबरचा जो आकडा दिसतो, तो पूर्ण नसतो. यूट्यूब पहिले तीनच अंक दाखवतं आणि पुढचं छाटून टाकतं. १,२४,००० पासून १,२४,९९९ पर्यंत सगळं '१.२४ लाख'च. त्यामुळे नऊशे माणसं गेली तरी कधीकधी कुणाला पत्ता लागत नाही, आणि कधी तेराच गेली तरी हजार गेल्यासारखं दिसतं. खरा आकडा फक्त मला, यूट्यूब स्टुडिओत दिसतो.

ज्या आठवड्यात हे झालं, त्या आठवड्यात माझा आकडा १,२४,०१२ होता. म्हणजे अगदी कडेवर. दुसऱ्या दिवशी १,२३,८७१ झाला. कमी झाले १४१, पण बाहेर १.२४ चे १.२३ झाले आणि गावभर बातमी, ताईंचे हजार गेले.

बातमी सगळ्यात आधी पोचली ती साडीच्या दुकानदाराकडे. त्याच्या दुकानाची जाहिरात मी एका व्हिडिओत केली होती आणि दिवाळीपर्यंत आणखी तीन करायचं ठरलं होतं. त्याने फोन करून सांगितलं, "ताई, तुमचं चॅनल उतरणीला लागलंय, आपण थोडं थांबू." मी म्हटलं, दादा, थांबा, मी तुम्हाला दाखवते. तो म्हणाला, "दिसतंय की मला." मोबाइलवर त्याला तीन अंक दिसत होते आणि त्यावर माझा दिवाळीचा हिशोब मोडला. त्या रात्री मी मशीनवर बसले, पण एका बाहीचा मुंढा उलटा जोडला आणि पुन्हा उसवत बसले. राग आकड्याचा नव्हता. मी पंधरा वर्षं ब्लाउज शिवतेय, आणि माझी पत ठरवायला ह्याला दशांश चिन्हानंतरचा एक अंक पुरला, त्याचा होता.

यूट्यूबचे हे आकडे एक-दोन दिवस उशिराने येतात, त्यामुळे लगेच बघून उपयोग नव्हता. दोन दिवसांनी मी लॅपटॉपवर अ‍ॅनालिटिक्समध्ये Advanced mode उघडलं आणि Subscription source निवडलं. सबस्क्रायबर कुठून आले आणि कुठून गेले, ते तिथे ओळीओळीने दिसतं. त्या दिवशी नवीन आले ३८ आणि गेले १७९. पण गेलेल्यांपैकी १४२ एकाच ओळीत होते: Closed accounts. म्हणजे ती खातीच बंद झालेली. कुणी स्वतः बंद केलेली, कुणाची यूट्यूबने नियम मोडले म्हणून बंद केलेली. अशी खाती यूट्यूब वेळोवेळी आकड्यातून काढतं. पैसे देऊन किंवा 'तू मला कर, मी तुला करते' अशा ग्रुपांतून जमवलेले खोटे सबस्क्रायबरही काढले जातात. डिसेंबर २०१८ मध्ये अशी मोठी साफसफाई यूट्यूबने आधी जाहीर करून केली होती.

बंद खातं व्हिडिओ बघत नाही. त्यामुळे ते गेल्याने बघितलं जाण्यात फरक पडत नाही, आणि माझाही पडला नाही. १७९ मधून १४२ काढले तर राहिले ३७. एवढे माझ्याकडून कुठल्याही सामान्य दिवशी जातात. थोडक्यात, त्या दिवशी काहीच घडलेलं नव्हतं.

हे कळल्यावर मी दुकानदाराला फोन केला नाही. करायला हवा होता, असं माझा मुलगा म्हणतो. असेल.

मग माणसं खरोखर कधी जातात? ते मी व्हिडिओनुसार बघते, आणि किती गेले हे नुसतं न बघता हजार बघणाऱ्यांमागे किती गेले ते बघते. कटोरी ब्लाउजचा एक व्हिडिओ नऊ हजारांनी बघितला, १४ जणांनी तिथून अनसबस्क्राइब केलं. हजारी दीड. पफ बाहीचा व्हिडिओ चार हजारांनी बघितला आणि ३१ गेले. हजारी जवळजवळ आठ. हे मात्र खरं जाणं.

आणि हा पफ बाहीचा व्हिडिओ म्हणजे त्याच दुकानदाराच्या जाहिरातीचा. सुरुवातीलाच मी सात मिनिटं साड्या दाखवल्या होत्या. त्या व्हिडिओवरून ३१ माणसं उठून गेली तेव्हा बाहेरचा आकडा हलला नाही, म्हणून तो खूश. बंद खाती गळली तेव्हा मात्र त्याने हात आखडला.

इथे तुम्ही म्हणाल, मग जाहिरात घ्यायचीच कशाला? कधीकाळी मीही हेच म्हणायचे, शिकवणं शुद्ध हवं वगैरे. तेव्हा अस्तराचं कापड, लाइट, ट्रायपॉड कुणाच्या पैशाने येणार, हा प्रश्न मला पडला नव्हता. आता पडतो. जाहिरात घेतली आणि पुढेही घेईन.

नवीन व्हिडिओ टाकला की त्या दिवशी जाणारे थोडे वाढतातच. वर्षापूर्वी सबस्क्राइब करून विसरलेल्या बाईला माझा व्हिडिओ समोर दिसतो, तेव्हा तिला आठवतं की आता आपल्याला शिवायचं नाहीये. म्हणून व्हिडिओ टाकलेल्या दिवसाची तुलना मी तशाच दुसऱ्या दिवसाशी करते, रिकाम्या दिवसाशी नाही.

आणि एक, जे मला फार उशिरा दिसलं. लग्नसराई संपली की माझा आकडा दरवर्षी रेंगाळतो, कधी रोज पाच-सहाने खाली येतो. मला वाटायचं लोक सोडून चालले. नंतर आलेले आणि गेलेले वेगवेगळे मांडले, तर जाणारे तेवढेच होते, तीस-पस्तीस. येणारे पन्नासवरून पंचविसावर आले होते, कारण आषाढात नवरीचा ब्लाउज कोण शोधतं? नुसती बेरीज-वजाबाकी बघितली की हे लपतं.

"कोण गेलं ते दिसतं का?" असंही विचारता. नाही. गेलेल्यांची यादी नसते, कारणही कुणी लिहून जात नाही. पफ बाहीचा व्हिडिओ किती जण बघत राहिले, तो आलेख साड्या सुरू झाल्या तिथे कोसळतो, पण कुणी कितव्या मिनिटाला अनसबस्क्राइब केलं, हे कुठेच दिसत नाही. त्यामुळे ३१ जण साड्यांमुळे गेले की मथळ्यात 'पाच मिनिटांत पफ बाही' लिहून कात्री आठव्या मिनिटाला हातात घेतली म्हणून गेले, यावर माझं आणि मुलाचं अजून भांडण आहे. तो म्हणतो मथळा. मी म्हणते, पाच मिनिटांत पफ बाही होतेच, कापड आधी कापून ठेवलेलं असेल तर.