रेघेखाली गेलेला अंडरस्कोअर

मुलाखत दुपारी तीनला होती आणि सकाळी अकरा वाजले तरी उमेदवाराकडून होकार आला नव्हता. भरतीच्या कामात हे नवीन नाही, काही जण काहीही न कळवता थेट वेळेवर हजर होतात. पण या मुलीचा अर्ज नीटनेटका होता, कामाचे नमुने जोडलेले होते. अशी व्यक्ती उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, म्हणून मी फोन केला. तिला पत्रच मिळालं नव्हतं. स्पॅममध्ये बघितलं, तिथेही नव्हतं.

आमच्या बाजूला पत्र गेल्याची नोंद होती आणि ते परत आलेलं नव्हतं. माझे कान टवकारले ते इथे. पत्ता अस्तित्वातच नसेल तर समोरचा सर्व्हर पत्र नाकारतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत `550 5.1.1` असा आकडा असलेली सूचना पाठवणाऱ्याकडे येते. ती आली नाही याचा सरळ अर्थ असा की तो पत्ता खरा होता, फक्त तिचा नव्हता. तिचं नाव, पद, मुलाखतीची वेळ आणि व्हिडिओ कॉलची लिंक कुणा तिसऱ्याच्याच इनबॉक्समध्ये पडली होती.

तिला आपण सायली जोशी म्हणू. नाव बदललेलं आहे, पत्तेही बदललेले आहेत आणि `@` च्या आधीचाच भाग इथे देते. बायोडेटावर पत्ता होता `sayli_joshi11`. पत्र गेलं होतं `saylijoshi11` ला. बायोडेटा म्हणजे छापील कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता, त्यामुळे पत्ता कॉपी करता येत नव्हता. माझ्या सहकाऱ्याने तो बघून टाइप केला. बायोडेटा मुळात वर्डमध्ये केलेला होता, आणि वर्डमध्ये ईमेल पत्ता टाइप करून स्पेस दिली की त्याची आपोआप लिंक होते, अक्षरं निळी होतात आणि खाली रेघ येते. अंडरस्कोअर नेमका त्याच उंचीवर असतो, तो त्या रेघेत मिसळून जातो. उरते ती दोन शब्दांमधली मोकळी जागा. पत्त्यात मोकळी जागा चालत नाही हे कुणालाही माहीत असतं, म्हणून बघणारा ती काढून टाकतो. सहकाऱ्याने तेच केलं, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

शेवटच्या दोन अक्षरांचीही धास्ती होतीच. एरियल किंवा कॅलिब्रीसारख्या फाँटमध्ये लहान `l` आणि मोठा `I` जवळजवळ सारखे दिसतात, आणि अस्पष्ट फोटोत `1` सुद्धा त्यांच्यात जाऊन बसतो. `0` आणि `O` ची तीच गत. ज्या पत्त्यात हे आकडे आहेत तो कागदावरून वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो.

फोनवर तिने पत्ता सांगितला तेव्हा तिसरी अडचण दिसली. सायली हे नाव `sayli`, `sayali`, `saylee` असं तीन तऱ्हांनी लिहितात. 'माझं नाव, मग अंडरस्कोअर, मग आडनाव, अकरा' एवढ्यावर कुणीही योग्य पत्ता लिहू शकणार नाही. मी एकेक अक्षर विचारून घेतलं, नव्याने पत्र पाठवलं, ते पोचल्याचं फोन चालू असतानाच तिच्याकडून कळलं. आधीची व्हिडिओ लिंक रद्द करून नवी काढली. मुलाखत वेळेवर झाली.

मुलाखतीनंतर तिने विचारलं, "मॅडम, मग मी पत्ता कसा घेऊ?" तिने कॉलवरच आपल्या लॅपटॉपची स्क्रीन मला दाखवली आणि आम्ही दोघी कामाला बसलो. हे काम पंधरा मिनिटांचं वाटतं, पण चांगलं नाव आधीच गेलेलं असतं आणि खरी डोकेफोड तिथून सुरू होते.

तिने जीमेलवर `sayli.joshi` टाकून पाहिलं, मिळालं नाही. मग `saylijoshi`, मग `s.joshi.sayli`. पहिल्या दोन प्रयत्नांत फरकच नव्हता. `gmail.com` वर जीमेल टिंब जमेसच धरत नाही. `sayli.joshi`, `saylijoshi` आणि `sa.yli.jo.shi` हा एकच पत्ता आहे आणि तो एकाच माणसाचा आहे. म्हणून टिंब हलवून नवा पत्ता मिळत नाही, आणि कुणी टिंब विसरलं तरी पत्र चुकत नाही. याउलट आउटलुकवर टिंब खरं अक्षर आहे, तिथे टिंब असलेला आणि नसलेला पत्ता दोन वेगळ्या माणसांचे असू शकतात. कंपनीच्या किंवा संस्थेच्या डोमेनवरचा पत्ता गूगलच्याच सेवेवर चालत असला तरी तिथेही टिंबाने फरक पडतो. आपला पत्ता कुठल्या जातीचा आहे हे माहीत नसेल तर बायोडेटावर टिंब अगदी जसंच्या तसं लिहावं.

टिंबाचा खरा उपयोग वाचणाऱ्याला आहे. स्नेहा लेले हे नाव सलग लिहिलं की `snehalele` होतं, आणि ते 'स्नेहल एले' असंही वाचता येतं. `sneha.lele` लिहिलं की शंका मिटते. पहिल्या नावाचं शेवटचं आणि आडनावाचं पहिलं अक्षर एकमेकांत मिसळत असेल तर टिंब हवंच. एकच पुरे, फार तर दोन. जीमेलला पत्त्याच्या सुरुवातीला, शेवटी किंवा लागोपाठ दोन टिंबं चालत नाहीत. नाव ६ ते ३० अक्षरांचं लागतं, आणि त्यात अंडरस्कोअर किंवा आडवी रेघ घेताच येत नाही. ही बंदी अर्जदाराच्या पथ्यावरच पडते.

सरळ नाव गेलेलं असल्यावर जीमेलने तिला नावापुढे चार-पाच आकडे लावलेले पर्याय सुचवले. ते घेऊ नयेत. `sayli.joshi48213` फोनवर सांगताना दोन आकडे हमखास उलटे होतात, आणि शेजारच्या आकड्याचा पत्ता दुसऱ्या कुणाचा तरी असतो, म्हणजे पत्र पुन्हा गुपचूप भलतीकडे जातं. ती स्वतः `1997` लावणार होती. जन्मसालाला माझा विरोध आहे. अर्जात वय विचारलेलं नसताना ते पत्त्यातच छापून जातं, आणि वीस वर्षांनी ते जास्तच टोचतं. पदवीचं किंवा चालू साल लावलं तर ते लवकर शिळं दिसतं, शिवाय लोक त्यालाही जन्मसालच समजतात. मोबाइल नंबरातले आकडे लावणं म्हणजे नंबर उघड करणं.

आकड्याआधी नावाचेच तुकडे फिरवून बघायचे असतात. आम्ही या क्रमाने गेलो: आधी मधल्या नावाचं आद्याक्षर, `sayli.m.joshi`. मग आडनाव पुढे, `joshi.sayli`. मग संपूर्ण मधलं नाव. पहिलंच मिळालं, म्हणून तिथेच थांबलो. `s.joshi` सारखा नुसत्या आद्याक्षराचा पत्ता मोकळा असता तरी मी सुचवला नसता. आमच्याकडे एकाच पदासाठी अनेक जोशी येतात आणि पत्ता टाइप करताना आपोआप सुचणाऱ्या यादीत `s.joshi` म्हणजे कोण हे कळत नाही. पूर्ण पहिलं नाव असलं की चुकीच्या ओळीवर बोट पडत नाही. नावामागे `qa`, `designer` असं कामाचं शेपूट लावणं स्वतंत्र काम करणाऱ्यांना शोभतं. नोकरी शोधणाऱ्याने ते टाळावं, क्षेत्र बदललं की पत्ता खोटा पडतो.

आकडा लावावाच लागला तर तो दोनच अंकी, अगदी शेवटी, आणि `0` व `1` सोडून. दोन्ही अंक वेगवेगळे असावेत. `47` चालेल, `77` ऐकताना 'सात की सत्त्याहत्तर' असा घोळ होतो. सत्तरच्या पुढचे आकडे जन्मसालासारखे वाचले जातात तेही बघावं. मोठी-लहान अक्षरं मात्र नेहमीच्या सेवांमध्ये जमेस धरली जात नाहीत, `Sayli` लिहा की `sayli`, पत्र तिथेच जातं. सगळं लहान लिपीत लिहिणं बरं, एवढंच.

स्पेलिंगच्या बाबतीत माझा आग्रह असा की पत्त्यातलं नाव बायोडेटाच्या मथळ्यातल्या आणि प्रमाणपत्रांवरच्या नावाशी अक्षरशः जुळावं. वाचणारा शंका आली की वर मथळ्याकडे बघतो. तिथे `Sayali` आणि पत्त्यात `sayli` असेल तर तो पत्ताच 'दुरुस्त' करतो.

तिने बायोडेटात नवा पत्ता टाइप केला आणि पीडीएफ काढून मला पाठवली. मी त्यावर माउस नेला तर खाली अजून जुनाच पत्ता दिसत होता. वर्डमध्ये दिसणारी अक्षरं बदलली तरी आतली `mailto:` लिंक तशीच राहू शकते. लिंकवर उजवं क्लिक करून `Edit Hyperlink` मध्ये पत्ता बदलावा लागतो. मला विचाराल तर `Remove Hyperlink` करून साधा मजकूरच ठेवावा, म्हणजे रेघही जाते. इथे जुना पत्ता तिचाच होता म्हणून काही बिघडलं नसतं. मैत्रिणीची फाइल घेऊन त्यात स्वतःची माहिती भरणाऱ्यांच्या बायोडेटात मात्र क्लिक केल्यावर पत्र मैत्रिणीला जातं. आणि बायोडेटा फोटो म्हणून नव्हे, पीडीएफ म्हणूनच पाठवायचा, म्हणजे पत्ता कॉपी तरी करता येतो.

आधी केलेल्या अर्जांचं काय, हा तिचा पुढचा प्रश्न. भरतीच्या पोर्टलवर उमेदवाराची ओळख बहुतेकदा ईमेल पत्त्यावरून ठरते. नव्या पत्त्याने पुन्हा अर्ज केला तर एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात आणि जुन्या नोंदीवरचे शेरे नव्या नोंदीत येत नाहीत. जीमेल टिंब जमेस धरत नसलं तरी पोर्टल धरू शकतं, त्यामुळे एकदा टिंबासह आणि एकदा टिंबाशिवाय लिहिणाऱ्याचेही दोन उमेदवार होतात. `sayli.m.joshi+jobs` असा अधिक चिन्हाचा पत्ता जीमेलला चालतो, पण कित्येक फॉर्म ते चिन्ह नाकारतात. म्हणून चालू अर्ज जुन्याच पत्त्यावर राहू द्यायचे किंवा पोर्टलच्या खात्यात जाऊन पत्ता बदलायचा, आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्याकडे वळवायची. उत्तर मात्र अर्जात जो पत्ता आहे त्याच खात्यातून द्यायचं, नाहीतर समोरच्याकडे पुन्हा दोन पत्ते होतात.

शेवटी तिने नव्या खात्यातून मला एक चाचणी पत्र पाठवलं. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं `sm` दिसलं, खातं उघडताना घाईत टाकलेलं. जीमेलच्या `Settings` मध्ये `Accounts and Import`, तिथे `Send mail as` समोर `edit info` असतं. तिथे पूर्ण नाव घातलं आणि दुसऱ्या पत्रावर ते नीट आलं. जुनं खातंही जीमेलचं असतं तर मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली असती: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यामुळे पत्रं वळवली तरी अधूनमधून त्यात लॉगइन करावं लागतं.