एकशे ऐंशी मीटरची रेघ

औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे मी डेटा बघते. गोरेगाव ते बोरिवली आमची ४१२ केमिस्टची दुकानं आहेत. गाड्या सहा, म्हणून साहेबांना दुकानांचे सहा गट हवे होते आणि तेही संध्याकाळपर्यंत. तारखा ठरवणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

गट पाडायला मी सिंगल लिंकेज ही पद्धत घेतली. सगळी दुकानं जोडली जातील, कुठेही रेघांचा बंद फेरा होणार नाही आणि एकूण लांबी कमीत कमी राहील असं रेघांचं जाळं काढायचं. हा मिनिमम स्पॅनिंग ट्री. क्रुस्कलची १९५६ सालची रीत अगदी साधी आहे. सर्वांत आखूड रेघेपासून सुरुवात करायची आणि फेरा तयार करणारी प्रत्येक रेघ सोडून द्यायची. ४१२ बिंदूंना ४११ रेघा लागतात. त्यातल्या सर्वांत लांब पाच कापल्या की सहा गट पडतात.

पडलेही. पण पाच गटांत मिळून आठ दुकानं आणि सहाव्यात ४०४!

कापलेल्या रेघा ३.१ किलोमीटरपासून १.७ किलोमीटरपर्यंतच्या होत्या. गोराई, मढ अशी लांबची दुकानं त्यांनी सुटी केली. एक पिन तर अक्षांश चुकल्यामुळे समुद्रातच होती. सहावी रेघ एकदम ६४० मीटरची, आणि तिथून पुढे उतरण इतकी संथ की कुठे थांबावं ते कळेना. अशी यादी दिसली की समजायचं, आता नैसर्गिक फट उरलेली नाही. या पद्धतीची हमी एवढीच असते की तितक्याच संख्येच्या गटांमध्ये याहून मोठं अंतर राखता येणार नाही. गट सारख्या आकाराचे होतील असं ती कधीच म्हणत नाही. एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं अशी साखळी लागली की गोरेगावचं दुकान बोरिवलीच्या दुकानाबरोबर एकाच गटात जातं.

मी ट्री छापला आणि डिस्पॅचच्या काकांसमोर ठेवला. वीस वर्षं ते गाड्या लावतात आणि ऑफिसात त्यांना कुणी विचारत नाही. त्यांनी मालाडवर बोट ठेवलं. "अगं, हे दोघं शेजारी कधीपासून झाले?"

एक दुकान पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, मध्ये रेल्वेचे रूळ. सरळ रेघेत १८० मीटर. गाडी मात्र वळसा घालून अडीच किलोमीटर जाते, आणि पावसात सबवे भरला की त्याहून जास्त.

तीच गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. दोन तास मी फक्त लांब रेघांकडे बघत होते, कारण कापायच्या त्याच असतात. चूक होती आखूड रेघांत. लांबीच्या यादीत ती १८० मीटरची रेघ दीडशेव्या क्रमांकाच्याही खाली होती. तिथे माझी नजर कधी गेलीच नसती.

आधी ती एकटीच हाताने कापली. एक छोटी फांदी सुटली, बस. ट्रीने रूळ आणखी आठ ठिकाणी ओलांडले होते. ती रेघ वगळून ट्री पुन्हा काढला, तर तिची जागा शेजारच्या दोन दुकानांमधल्या, तशाच रूळ ओलांडणाऱ्या १९५ मीटरच्या रेघेने घेतली. पहिल्यांदा ही रेघ फेरा होतो म्हणून सुटली होती, त्यामुळे ट्रीत दिसलीच नव्हती. ट्रीमध्ये डागडुजी करून भागत नाही, अंतरंच बदलावी लागतात.

म्हणून सगळ्या ८४,६६६ जोड्यांची रस्त्याची अंतरं काढली. त्यात एकेरी रस्त्यांचा घोळ होता. जाताना ७०० मीटर, येताना १,२००. हा ट्री दिशा ओळखत नाही, म्हणून दोन्हींतलं मोठं अंतर धरलं. ती आठ दुकानं बाजूला ठेवून उरलेल्या ४०४ चा ट्री नव्याने बांधला. आता सर्वांत लांब रेघ १,१५० मीटरची आली आणि तिच्याखालची ७१० ची. ही फट खरी होती. तिथे कापल्यावर पूर्वेला १७१ आणि पश्चिमेला २३३ दुकानं आली.

साहेबांना मी सांगितलं की डेटात गट दोनच आहेत. त्यांचे सहा भाग करणं हे गाडीच्या क्षमतेचं गणित आहे, ते वेगळं करावं लागेल. त्यांना ते आवडलं नाही. तरी भाग पाडले ते काकांना शेजारी बसवूनच, आणि मला त्याचं समाधान आहे.

निघताना काकांनी आणखी एक दुकान दाखवलं. पूर्वेला, पादचारी पुलाच्या अगदी पायथ्याशी. तिथली थंड पेटी आमचा पोरगा पश्चिमेकडून पूल चढून पायीच नेतो, पाच मिनिटांत. माझ्या नव्या अंतरांनी ते दुकान पूर्वेच्या गाडीला दिलं होतं. तेव्हापासून फाइलमध्ये मी एक जादा रकाना ठेवला आहे: माल कोण नेणार, गाडी की माणूस. अजून ४१२ पैकी साठच ओळी भरल्या आहेत.