फवारणीचा प्रश्न

सांगलीत कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. गेल्या वर्षी जैन नीतिशास्त्रावरच्या चाचणीत शेवटचा प्रश्न दहा गुणांचा होता: 'अणुव्रतांचे मूल्यमापन करा.' अणुव्रतं म्हणजे जैन गृहस्थाने पाळायची छोटी व्रतं. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमने १९५६ मध्ये मांडलेल्या शिकण्याच्या पायऱ्यांत मूल्यमापन सर्वांत वर, म्हणून पेपरच्या आराखड्यातही मी त्याला सर्वांत वरची पातळी दिली होती.

पेपर तपासताना सहाव्या उत्तरावर हात थांबला. साऱ्यांचा शेवट एकच: 'गृहस्थाला झेपणारा मार्ग म्हणून अणुव्रतांचे महत्त्व मोठे आहे.' हे वाक्य मीच वहीत उतरवून दिलं होतं. प्रश्नात 'मूल्यमापन' हा शब्द होता, पण मुलांना करावं लागलं ते फक्त स्मरण.

मग विषय तोच ठेवून प्रश्न नव्याने लिहिले. 'पाच अणुव्रतं सांगा' हे स्मरण. 'साधूचं महाव्रत आणि गृहस्थाचं अणुव्रत वेगळं का, स्वतःच्या शब्दांत लिहा' हे आकलन. पुढे तासगावची द्राक्षबाग आणली. जैन ग्रंथांत हिंसेचे चार प्रकार येतात: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि संरक्षणासाठीची विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण टाळायची असते. वर्गात मी नांगरटीचं उदाहरण दिलं होतं, फवारणीचं नव्हतं. म्हणून 'थ्रिप्स या किडीसाठी केलेली फवारणी कोणत्या प्रकारात बसते?' हे खरं उपयोजन झालं. 'नांगरट आणि फवारणी दोन्हीत जीव मरतात, मग हेतूत फरक कुठे?' हे विश्लेषण.

शेवटचा प्रश्न असा केला: 'शेतकरी म्हणतो, मला पीक वाचवायचंय, म्हणून ही संकल्पी हिंसा नाही. हे म्हणणं टिकतं का? निकष सांगा, विरुद्ध बाजू मांडा, मग निर्णय द्या.' निकषाला तीन गुण, विरुद्ध बाजूला तीन आणि निर्णय त्या निकषाला धरून असेल तर चार. कुठल्या बाजूने लिहिलं याला गुण नाहीत. धर्माच्या विषयात हे आधी ठरवलं नाही, तर मुलाची श्रद्धाच तपासली जाते.

फेरचाचणीत घरची द्राक्षबाग असलेल्या एका मुलीने लिहिलं, 'पप्पा पंप पाठीला लावतात तेव्हा किडे मरणार हे त्यांना माहीत असतं. नांगरताना मारायचं मनात नसतं, इथे असतं.' तिने गरज हा निकष धरला. कीड मोजून केलेली फवारणी उद्योगी, पण कीड न बघता तारखेवर केलेली गरजेबाहेरची, म्हणून तिथे शेतकऱ्याचं म्हणणं टिकत नाही, असा तिचा निर्णय. नऊ गुण दिले. हेतू हा निकष धरून नेमकं उलट लिहिणाऱ्या मुलालाही नऊच. 'जैन धर्म श्रेष्ठ आहे' एवढंच पानभर लिहिणाऱ्याला शून्य देताना मला जड गेलं, पण निकषच नव्हता.

यंदा फवारणीवर वर्गात भरपूर चर्चा झाली. त्यामुळे ती आता पहिल्या पायरीवर उतरली, पेपरला काढता येणार नाही. यंदा उसाचं पाचट पेटवण्याचा प्रश्न घेतलाय, आणि वर्गात त्याबद्दल अक्षर काढलेलं नाही.