शेवटची स्लाइड आधी

“ऑफिसवरच्या तुमच्या इन्स्टाग्राम पोस्टमध्ये शेवटच्या स्लाइडवर हमखास हसू फुटतं. शेवट आधी ठरलेला असतो की लिहिता लिहिता सुचतो?”

आधी ठरलेला असतो. मी शेवटची स्लाइड पहिल्यांदा लिहिते आणि ती पटेपर्यंत बाकीच्यांना हात लावत नाही. पूर्वी असं करत नव्हते. तेव्हा काय बिघडायचं ते ‘पाच मिनिटांचं काम’ या पोस्टवरून सांगते, कारण ती मी दोनदा लिहिली आहे.

प्रसंग माझ्याच ऑफिसातला. संध्याकाळी पाच पंचावन्नला बॅग खांद्यावर, डबा पिशवीत, आणि साहेब केबिनच्या दारातून म्हणतात, “निघालात का? नाही, पाच मिनिटांचं काम होतं.” त्या पाच मिनिटांचे पावणेतीन तास झाले. घरी जाताना लोकलमध्येच मी दहा स्लाइड्स लिहून काढल्या. सहा वाजून वीस मिनिटं, एक्सेल उघडली. सात दहा, फाइलचं नाव `final_final_2.xlsx`. आठ पाच, अर्ध्या मजल्यावरचे दिवे गेले. असं करत करत दहाव्या स्लाइडवर, “आणि माझी नेहमीची गाडी गेली.”

दुसऱ्या दिवशी वहिनी ओट्याशी उभी होती. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिला वेळ होता, म्हणून फोन तिच्या हातात दिला. मी अशा वेळी चेहरा बघत नाही, अंगठा बघते. चेहरा माणूस आपल्यासाठी हसरा ठेवतो, अंगठ्याला तसं जमत नाही. पहिल्या तीन स्लाइड्स तिने सावकाश वाचल्या. पाचवीपासून अंगठा भराभर फिरायला लागला. दहावीवर पोचल्यावर तिने आणखी एकदा सरकवून पाहिलं आणि विचारलं, “पुढे?”

त्या एका शब्दात सगळं आलं. गाडी चुकणं हा शेवट नव्हताच. उशीर, आणखी उशीर, त्याहून उशीर, आणि त्याच रांगेत शेवटचा उशीर. वाचणाऱ्याला तो सहाव्या स्लाइडवरच दिसलेला असतो. हसू फुटायला शेवटच्या स्लाइडने आधीच्या सगळ्यांचा अर्थ फिरवावा लागतो. नवी माहिती यायला हवी आणि तीही अशी, की ती आधीपासून तिथेच होती.

मग मी स्वतःला विचारलं की या प्रसंगात सगळ्यात जास्त चिडचीड कशाची झाली होती? उशिराची नाही. एवढं करून पाठवलेली फाइल सोमवारपर्यंत कुणी उघडलीच नाही, याची. शेवट तिथे होता. कागदावर लिहिलं: मेल पाठवल्यावर दोन सेकंदांत साहेबांचं आपोआप येणारं उत्तर, की ते रजेवर आहेत.

आता याला आधी खूण हवी, नाहीतर वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून दुसऱ्या स्लाइडवर साहेब “पाच मिनिटांचं काम होतं” म्हणतात तेव्हा चित्रात त्यांच्या हाताशी चाकांची बॅग काढली. त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. नजर मजकुरावर असते, बॅग डोळ्यांच्या कडेला राहते आणि शेवटी आठवते. खूण लिहून दाखवली की शेवट तिथेच फुटतो. ही खूण दुसऱ्याच स्लाइडवर ठेवायला आणखी एक कारण होतं. पहिली स्लाइड बघून जो बाकीच्या न बघताच पुढे गेला, त्याला इन्स्टाग्राम तीच पोस्ट बरेचदा दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा दाखवतं. म्हणून दुसरी स्लाइड एकटी पडली तरी कळली पाहिजे. “पाच मिनिटांचं काम होतं” हे वाक्य कळायला नोकरी केलेल्या माणसाला मागचंपुढचं काही लागत नाही.

स्लाइड्स दहाच्या सात केल्या. 2024 पासून एका पोस्टमध्ये वीस टाकता येतात, पण विनोदाला तेवढी जागा लागत नाही. वहिनीचा अंगठा जिथे पळाला तिथल्याच तीन काढल्या. सहावीवर मात्र मुद्दाम जवळजवळ काहीच ठेवलं नाही: रिकामा मजला, एक दिवा, आणि “8:40. पाठवली.” बोलताना आपण शेवटच्या वाक्याआधी क्षणभर थांबतो ना, ती जागा. इथे तो थांबा वाचणाऱ्याच्या अंगठ्यात असतो. खालचे ठिपके बघून त्याला कळलेलं असतं की आता एकच उरली आहे. त्यामुळे सहावीवर दुसरा छोटा विनोद टाकायचा मोह मी आवरते. तिथे हसला की सातवीला श्वास उरत नाही.

सर्वात जास्त वेळ गेला तो सातव्या स्लाइडच्या एका ओळीवर. पहिल्यांदा लिहिलं होतं, “मी रजेवर असल्यामुळे सोमवारपर्यंत आपल्या मेलला उत्तर देऊ शकणार नाही.” खऱ्या मेलसारखं अगदी, पण ‘रजेवर’ दुसऱ्याच शब्दाला येऊन गेलं आणि पुढे आठ शब्दांचं शेपूट लोंबत राहिलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य नेहमीसारखं लिहिलं तर बॉम्ब मधे फुटतो आणि शेवटी ‘आहे’, ‘होते’, ‘शकणार नाही’ एवढंच उरतं. तेव्हा शब्द हलवले आणि क्रियापद टाकून दिलं: “आपला मेल मिळाला. सोमवारपर्यंत मी रजेवर.” आता वाक्य जिथे संपतं तिथेच कळतं. बोलताना आपण असंच बोलतो, “साहेब? साहेब रजेवर.”

दोन गोष्टी दिसायला लहान आहेत, पण त्यांनी चांगल्या पोस्ट वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिली म्हणजे खालची कॅप्शन. तिची पहिली ओळ पहिल्या स्लाइडबरोबरच दिसते. तिथे कुणी उत्साहात लिहितं, “साहेब रजेवर गेले आणि...”, की झालं, सातवी स्लाइड मेली. मी तिथे फक्त “पाच पंचावन्नला कुणाला हाक आली आहे?” असं लिहिलं. दुसरी गोष्ट अक्षरांची. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असतो. इंग्रजीसाठी ठरलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. वाचणारा तिथे अडखळतो आणि अडखळलेल्या वाक्यावर हसू येत नाही. मी ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरते, ओळींमध्ये सढळ जागा सोडते आणि एका स्लाइडवर बारा-पंधरा शब्दांच्या वर जात नाही.

एक गोष्ट मी पाळतेच. पहिल्या खर्ड्यात आठ वाजता येणारे वॉचमनकाका होते, त्यांच्या झोपेवर एक वाक्य होतं. ते काढलं. रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या डुलकीवर दिवसा झोपून आलेल्यांनी हसणं मला सहन होत नाही. साहेब चालतात, कारण काम सांगायची सत्ता त्यांच्याकडे आहे. आणि तेही ओळखू येणार नाहीत असे काढते: केस, चष्मा, बोलण्याची लकब सगळं बदलून.

सात स्लाइड्स झाल्यावर वहिनीला पुन्हा फोन दिला. या वेळी ती डबा भरत होती, एका हाताने वाचत होती. सहावीवर अंगठा थांबला. सातवी आली. ती एकदम हसली नाही. आधी अंगठा उलटा फिरला, सहा, पाच, चार, तीन, दुसऱ्या स्लाइडपर्यंत. तिथे तिने दोन बोटांनी चित्र मोठं करून ती चाकांची बॅग पाहिली.

“अगं, हा तेव्हाच निघाला होता की!” म्हणाली, आणि मग पोळीचा डबा ओट्यावर ठेवून हसत राहिली.