दहावं धुणं: जाळीच्या पिशवीतलीच कुर्ती जास्त खराब निघाली

भरतकाम कुठल्या रीतीने धुतलं तर जास्त टिकतं हे पाहायला चार कुर्त्या मी चार रीतींनी धुतेय. काल रात्री दहावं धुणं उरकलं आणि चारही कुर्त्या दिवाणावर ओळीने पसरून बसले. गेल्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ‘क’ (उलटी करून, जाळीच्या पिशवीत) पहिली येणार. ती तिसरी आली. ‘ब’, म्हणजे नुसती उलटी करून मोकळी धुतलेली, तिच्यापेक्षा स्पष्ट चांगली आहे. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

नव्यांसाठी थोडक्यात: चारही कुर्त्या एकाच थानाच्या सुती इंटरलॉक होजिअरीच्या. समोर तीन बटणांची पट्टी, तिच्यापासून पाच सेंटीमीटरवर वीस सेंटीमीटरचा उभा वेल. साटन टाका चार मिलिमीटर रुंद, डेन्सिटी, म्हणजे दोन टाक्यांमधलं अंतर, ०.४ मिलिमीटर, मागे कट-अवे बॅकिंग, म्हणजे भरतकामाला आधार देणारं, कायम राहणारं अस्तर. देठ आणि डाव्या बाजूची पानं रेयॉनची, उजवी पानं पॉलिस्टरची. ‘अ’ सरळ आणि मोकळी, ‘ब’ उलटी आणि मोकळी, ‘क’ उलटी आणि पिशवीत, ‘ड’ सरळ आणि पिशवीत. मशीन तेच, आमचं सेमी-ऑटोमॅटिक. प्रत्येक वेळी दहा मिनिटं. गुण आपले नेहमीचे पाच ते एक, पाच म्हणजे नव्यासारखं. ‘ब’ला चार, ‘ड’ला साडेतीन, ‘क’ला अडीच, ‘अ’ला दोन.

पहिला संशय मी पाण्यावर घेतला. आमच्या अमळनेरला उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसतो, त्यामुळे मधली काही धुणी बोअरच्या पाण्यात झाली. ते पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते. क्षार धाग्यांत बसले की कापड खरबरीत लागतं, आणि हाताला ते घासल्यासारखंच वाटतं. दोन्हींतला फरक ओळखायची माझी रीत सोपी आहे. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालायचं, कपडा अर्धा तास बुडवायचा, साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. मऊ पडला तर खरबरीतपणा क्षारांचा होता. घासून तुटलेले तंतू काही व्हिनेगरने परत जुळत नाहीत. चारही कुर्त्या मऊ पडल्या, पण ‘क’च्या वेलावरची लव तशीच उभी. म्हणजे पाणी निर्दोष सुटलं. घर्षणच.

दुसरा संशय पिशवीच्या जाळीवर. ही पिशवी मी आठवडे बाजारातून घेतली होती, मोठ्या षटकोनी भोकांची, हाताला ताठ लागणारी. असल्या पिशवीबद्दल माझं मत आधीच वाईट आहे. मुलीचं विणलेलं स्वेटर मी तिच्यात एकदाच धुतलं आणि विणीचे फास भोकांतून बाहेर येऊन ओढले गेले. पण ‘क’ उलटी होती. वेल आतल्या बाजूला होता, जाळीला त्याचा स्पर्शही होत नव्हता. मग त्याला घासलं कुणी?

शेवटी दहापट भिंग काढलं आणि वेल वरून खाली इंच-इंच पाहिला. तेव्हा दिसलं की लव सगळीकडे सारखी नाहीच. तीन ठिकाणी गोल चट्टे आहेत, नखाएवढे. तिथे रेयॉनचे तंतू तुटून केसांसारखे उभे राहिलेत, आणि चट्ट्यांच्या मधला वेल जवळजवळ नवा. पट्टीने चट्ट्यांमधलं अंतर मोजलं. सात सेंटीमीटर. पुन्हा सात. मग बटणांमधलं अंतर मोजलं. सात, सात.

मी मोठ्याने ओरडले असणार, कारण सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, “हाई काय शे व माय?”

तर झालं असं. कुर्ती उलटी केली की वेल आत जातो हे आपण सगळे सांगत आलो, पण त्याच्याबरोबर बटणंही आत जातात हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही. वेल आणि बटणपट्टी यांच्या मध्ये उभी घडी पडली की बटणं नेमकी वेलावर येऊन बसतात. मोकळ्या धुण्यात घडी क्षणाक्षणाला बदलते, म्हणून ‘ब’मध्ये बटणाचा मार सगळीकडे विखुरला गेला आणि कुठेच फारसा दिसला नाही. पिशवीत मात्र मी ‘क’बरोबर दोन ओढण्या आणि एक परकर कोंबला होता. पिशवी गच्च. आत जी घडी पडली ती दहा मिनिटं हललीच नाही, आणि प्रत्येक हिसक्याला तेच बटण त्याच पानावर घासत राहिलं. शिवाय मी दर वेळी कुर्ती एकाच सवयीने घडी घालून पिशवीत सारत होते. म्हणून दहाही वेळा मार त्याच जागी बसला.

‘ड’ चांगली का निघाली याचंही उत्तर यातच आहे. सरळ कुर्तीत बटणं आणि वेल दोन्ही बाहेर, आणि मी ती घडी न घालता गोल गुंडाळून ठेवत होते. त्यामुळे बटण वेलावर आलंच नाही. वेलाला जी थोडी लव आहे ती जाळीने काढलेली आहे, आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली आहे. भिंगाखाली दोन्ही घर्षणं वेगळी ओळखू येतात: जाळीचं पसरट असतं, बटणाचं जागच्या जागी खोल जातं.

रेयॉन आणि पॉलिस्टरमधला फरकही याच चट्ट्यांनी दाखवला. मधल्या चट्ट्यात दोन्ही धाग्यांची पानं शेजारी शेजारी आहेत. रेयॉनचं पान केसाळ झालंय, पॉलिस्टरचं नुसतं दबलंय. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद कोरड्याच्या जेमतेम निम्मी उरते, पॉलिस्टरला ओलं-कोरडं जवळपास सारखंच. म्हणजे रेयॉनचं भरतकाम सगळ्यात नाजूक असतं ते नेमकं मशीनच्या आत. तरीही मी रेयॉन सोडणार नाही. सुरतेहून मागवलेल्या या रिळांची चमक शांत आहे, पॉलिस्टरची डोळ्यांत येते. पण बटणाजवळ येणारी पानं यापुढे पॉलिस्टरची.

नानांना, म्हणजे सासऱ्यांना, भिंग दिलं. ते इथल्या प्रताप मिल या कापडगिरणीत कामाला होते. चट्टे सोडून ते आधी कापडच पाहू लागले. म्हणाले, “लव काय नवीन उगवत नाही. सुतात ती असतेच, कापूस आखूड धाग्याचा असला की जास्त. मिलमध्ये कापड ज्योतीवरून झरकन नेऊन ती जाळायचे. जी दाबून आत राहते ती तुम्ही घासून वर काढता.” इंटरलॉकवर काखेजवळ जे बारीक गोळे आलेत त्यांचा उलगडा यात झाला. घासून तंतूचं टोक वर येतं, शेजारच्या टोकात गुंततं, गोळी होते. सुती असेल तर गोळीचं मूळ तुटून ती गळून जाते. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरचा तंतू चिवट, मूळ सोडत नाही, म्हणून तसल्या स्वेटरवरचे गोळे वर्षानुवर्षं राहतात.

एक चूक कबूल करायला हवी. शेवटच्या चार धुण्यांना नळ आला नव्हता म्हणून मी टब अर्धाच भरला होता. सेमीमध्ये पाणी आपणच घालतो, त्यामुळे हे सहज घडतं. पाणी कमी म्हणजे कपडे तरंगत नाहीत, एकमेकांवर आणि खालच्या चकतीवर घासतात. चारही कुर्त्यांना हे सारखंच भोगावं लागलं, म्हणून क्रम खरा धरते, पण गुण मात्र एरवीपेक्षा कमी पडले असणार. पुढच्या फेरीत टब रेघेपर्यंत भरलेला असेल तरच मशीन सुरू करणार. ड्रायरच्या टबाबद्दल मात्र काळजी नको. तिथे कपडा भिंतीला चिकटून फिरतो, घासणं फार कमी.

छापील टी-शर्टाची बातमी चांगली आहे, ती दोन ओळींत. काळ्यावर पांढऱ्या प्लास्टिसॉल शाईचा छाप, उलटा करून मोकळा धुतलेला, वीस धुण्यांनंतरही छाप शाबूत. सरळ धुतलेल्या जोडीदाराचा छाप धुरकट दिसत होता, मला वाटलं रंग गेला. भिंगाखाली पाहिलं तर रंग जागच्या जागी, काळ्या सुताचे तंतू छापातून वर डोकावत होते. वर टेफ्लॉन शीट ठेवून इस्त्रीने दहा सेकंद दाबलं, तंतू खाली बसले आणि पांढरा पुन्हा पांढरा दिसला. इस्त्री थेट छापाला लावू नका, प्लास्टिसॉल वितळून तळव्याला चिकटतो. आणि छापाला भेगा पडल्या असतील तर हा उपाय चालणार नाही. त्या बहुतेक वेळा छापताना शाई नीट न भाजल्यामुळे पडतात, धुण्याच्या रीतीचा तिथे उपयोग नाही.

आता पुढचं. बाजारची पिशवी रद्द. जुन्या मच्छरदाणीची मऊ बारीक जाळी घरात होती, तिची नवी पिशवी शिवली, कुर्ती पसरून मावेल एवढी मोठी. चेन बंद झाल्यावर तिचं टोक झाकायला कापडाची टोपी लावली. एका पिशवीत एकच कुर्ती, आणि पिशवी निम्मी रिकामी. ‘इ’ नावाची पाचवी कुर्ती त्यात उलटी करून जाईल, आणि बटणपट्टीवर मलमलची पट्टी चार टाक्यांनी कच्ची टाचलेली असेल. चट्टे आले नाहीत तर बटणांचा दोष पक्का.

इतकं लिहिलं आणि सासूबाई मागून वाचत होत्या त्या म्हणाल्या, बटण झाकत बसण्यापेक्षा बटणच कशाला? तान्ह्या बाळाच्या झबल्याला त्या कापडाच्या घुंड्या करतात, बाळाला टोचू नयेत म्हणून. हे मला सुचायला हवं होतं. मलमलची पट्टी रद्द. ‘इ’ला प्लास्टिकची बटणं राहतील, पिशवी नवी. ‘फ’ला त्याच जागी तीन घुंड्या, पिशवी तीच. म्हणजे पिशवीचा परिणाम आणि बटणाचा परिणाम वेगवेगळा मोजता येईल.

त्यांनी उरलेल्या इंटरलॉकची तिरकी पट्टी कापून पहिली घुंडी वळलीही आहे. जरा मोठी झाली, काज उसवून वाढवावं लागेल. घट्ट वळली तर तीही बटणासारखी कडक होईल का, ही शंका मला आहे, म्हणून दुसरी सैल वळायला सांगितली. ‘इ’ आणि ‘फ’चं पहिलं धुणं परवा, नळाच्या दिवशी.