चौथ्या वर्षाचा खड्डा

मला पाच वर्षांचे स्पॉट रेट काढायचे होते, म्हणजे ठरावीक वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशावरचा आजचा वार्षिक दर. हाताशी 1 ते 5 वर्षे मुदतीच्या पाच बाँडच्या किमती होत्या. दर्शनी किंमत प्रत्येकी 100, कूपन, म्हणजे व्याज, वर्षातून एकदा, आणि पुढचं कूपन बरोबर एक वर्षानं.

सुरुवात सोपी होती. एक वर्षाचा बाँड: कूपन 6, किंमत 100. म्हणजे पहिला दर 6 टक्के, आणि वर्षभरानं मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, म्हणजेच डिस्काउंट फॅक्टर, 0.9434. दोन वर्षांचा: कूपन 7, किंमत 100. इथे आधी मी सरळ 7 टक्के लिहून मोकळा झालो होतो. पण तो बाँडचा वाय-टी-एम, म्हणजे मुदतीपर्यंत बाँड धरल्यास मिळणारा एकच दर, दोन्ही वर्षांची सरमिसळ. पहिलं कूपन तर 6 टक्क्यांनीच मोजायला हवं: 7 × 0.9434 = 6.60. ते 100 मधून वजा केलं, उरले 93.40, त्याला शेवटच्या 107 नं भागलं, दुसरा फॅक्टर आला 0.8729. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा स्पॉट रेट 7.04 टक्के. तिसऱ्यात (कूपन 8, किंमत 101) हेच करून 0.8006, म्हणजे 7.69 टक्के.

चौथा बाँड: कूपन 9, किंमत 107. दर आला 6.91 टक्के. वक्र चढता चढता जरा खाली आला एवढंच, असं म्हणून मी पुढे गेलो. पाचव्याला (कूपन 8, किंमत 100.50) 8.02 टक्के. तेही ठीकच वाटलं.

मग सहज फॉरवर्ड रेट, म्हणजे पुढच्या एकेका वर्षापुरते दर, काढले: एका वर्षाच्या डिस्काउंट फॅक्टरला पुढच्या वर्षाच्या फॅक्टरनं भागून एक वजा. दुसऱ्या वर्षापासून आकडे आले 8.08, 9.02, 4.58, 12.58. आता मात्र डोळे उघडले. एकाच वर्षासाठी 4.58 आणि लगेच पुढच्या वर्षी 12.58, असं कोण मागेल?

शोधलं तर चौथ्या बाँडचा शेवटचा व्यवहार कित्येक आठवड्यांपूर्वीचा होता. ताजा भाव 104 होता. तो घालून चौथा स्पॉट रेट 7.89, पाचवा 7.95, आणि त्या दोन वर्षांचे फॉरवर्ड 8.48 व 8.21 आले.

गंमत अशी की पाचव्या बाँडची किंमत मी बदललीच नव्हती. चौथा फॅक्टर फुगला होता, म्हणून पाचव्या बाँडच्या किमतीतून चौथ्या कूपनपोटी जास्त रक्कम वजा झाली. त्यामुळे पाचवा फॅक्टर थोडा घटला आणि दर 0.07 टक्क्यानं वर गेला. स्पॉट रेट ही साऱ्या वर्षांची सरासरी, त्यामुळे त्यात चूक विरून जाते. फॉरवर्डमध्ये मात्र दोन शेजारचे फॅक्टर थेट समोरासमोर येतात. हल्ली मी फॉरवर्डचा रकाना स्पॉटच्या शेजारीच ठेवतो, आणि किमतीबरोबर व्यवहाराची तारीखही.